पहिला पॅनकेक परीक्षेचा

अमेरिकी पद्धतीचा जाड, फुगलेला पॅनकेक करताना दोन गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात. खालची बाजू बदामी व्हायला हवी आणि तेवढ्याच वेळात वरचं पीठ उलटण्याइतकं धरायला हवं. आचेचं काम या दोन्हींची गाठ घालून देण्याचं.

पीठ साधंच: एक कप मैदा, चमचाभर साखर, अर्धा लहान चमचा सोडा, चिमूट मीठ, कपभर ताक, एक अंडं, दोन चमचे वितळलेलं लोणी. गुठळ्या राहिल्या तरी चालतात, पण घोटत बसू नये. पॅनकेक चिवट होतो.

बिडाचा तवा मध्यम आचेपेक्षा जरा कमीवर पाच मिनिटं तापू द्यायचा. मोठ्या आचेवर घाईने तापवला तर मध्ये जळतं आणि कडेला पांढरं राहतं. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत नाचत आटला पाहिजे. नुसता पसरून उकळत बसला तर तवा अजून थंड आहे. मग थोडं तेल लावून कागदाने जवळजवळ पुसूनच काढायचं. तेलाची थारोळी राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो. पहिला पॅनकेक बहुधा याचमुळे डागाळतो. नंतरच्यांच्या वेळेपर्यंत ते तेल शोषलं गेलेलं असतं.

म्हणून पहिला मुद्दाम छोटा घालावा, दोन चमचे पिठाचा. तो खाणाऱ्यांसाठी नाहीच, तव्यासाठी आहे. (आमच्याकडे तो करणाराच उभ्याउभ्या खातो.) समजा, मिनिटभरात कड उचलून पाहिलं तर खाली गडद तपकिरी आणि वर पीठ अजून ओलं चकचकीत. आच जास्त आहे; कमी करायची आणि दोन मिनिटं थांबायचं, कारण बीड लगेच निवत नाही. उलट, वर भोकं पडून गेली तरी खाली फिकटच, तर आच थोडी वाढवायची.

आता बुडबुडे. ताकातल्या आंबटपणाशी सोडा भिडला की वायू सुटतो, उष्णतेने फुगतो आणि वर येतो. पहिले बुडबुडे दिसताच उलथणं उचलायचा मोह होतो. पण ते फुटतात आणि ओलं पीठ ती भोकं पुन्हा भरून टाकतं. तेव्हा उलटलं तर पीठ बाजूला ओघळतं आणि फुगलेलं बसतं. घावनाला पडते तशी जाळी दिसू लागली, म्हणजे भोकं फुटून उघडीच राहिली आणि कडांची चकाकी गेली, की उलटायचं. आच बरोबर असेल तर याला दोन ते तीन मिनिटं लागतात.

पीठ फार घट्ट असेल तर बुडबुडे थोडेच वर पोचतात. तिथे कोरड्या कडा आणि खालचा रंग यांवरच भरवसा ठेवावा. दुसरी बाजू निम्म्या वेळात होते, आणि तिला उलथण्याने दाबायचं नाही. दाबलं की आतली हवा जाते. तिचा रंगही पहिलीसारखा एकसारखा येत नाही, कारण भोकांमुळे ती तव्याला सगळीकडे टेकतच नाही. वाढताना ती खाली ठेवावी.