साइटवरची वही

घराचं बांधकाम संपत येतं तेव्हा मालक आणि ठेकेदार शेवटच्या बिलावर बसतात आणि भांडण हमखास उशिरावरून पेटतं. एक साधी परिस्थिती घेऊ. सातारा भागातलं दुमजली घर, मजूर ठेकेदाराचे, लोखंड मालकानं द्यायचं. करारात लिहिलंय की ठरल्या तारखेनंतरच्या प्रत्येक दिवसाला 1,500 रुपये कापायचे. काम 40 दिवस लांबलं. मालक 60,000 रुपये कापायला निघाला. ठेकेदार म्हणतो, पाऊस होता, तुमचं लोखंड वेळेवर आलं नाही, स्वयंपाकघराची भिंत तुम्हीच मध्येच सरकवायला लावलीत. दोघंही आपल्या परीने खरं बोलत असतात. पण सहा महिन्यांपूर्वीचा पाऊस नऊ दिवस होता की पंधरा, हे कुणाच्याच डोक्यात नेमकं राहत नाही.

साइटवर रोज भरलेली वही असेल तर हाच वाद बेरीज-वजाबाकीवर येतो. वहीत नऊ दिवस पाऊस सापडला. पण त्यातल्या चार दिवशी आतल्या खोल्यांचं प्लास्टर चालू होतं, म्हणजे खरे पाच दिवस बुडाले. म्हणूनच नुसतं ‘पाऊस’ लिहून काही साधत नाही. ‘सकाळी 11 पासून जोराचा पाऊस, स्लॅबचं सेंटरिंग थांबवलं, 4 गवंडी आणि 6 बिगारी बसून’ असं लिहिलं तरच ती नोंद उपयोगी पडते. लोखंड सात दिवस उशिरा आलं आणि त्याशिवाय दुसरं काम नव्हतं, ते सात दिवस धरले. भिंत सरकवायची सूचना मिळाल्यापासून नवं ड्रॉइंग हातात पडेपर्यंत बारा दिवस गेले. त्यातले चार दिवस गवंडी मागच्या बाजूला विटा रचत होते, तेव्हा आठच मोजले. हे सगळे दिवस वेगवेगळे होते. एकाच दिवशी पाऊसही असता आणि लोखंडही नसतं, तर तो दिवस एकदाच धरायचा. बेरीज झाली वीस.

उरलेले वीस दिवस? तेही वहीतच आहेत. सणाला गावी गेलेले गवंडी परतले नाहीत आणि सहाऐवजी दोघंच कामावर होते, असं ठेकेदाराच्याच माणसानं रोज लिहिलंय. तेव्हा कपात 30,000 रुपयांची. मला वाटतं, वहीवर विश्वास बसतो तो याच पानांमुळे. लिहिणाऱ्याच्या सोयीचंच सगळं असलेली वही समोरचा मानत नाही, लवादही मानत नाही.

मालाच्या नोंदीत वाळू सगळ्यात फसवी. चलनावर तीन ब्रास लिहिलेलं असतं आणि सही करून गाडी सोडली जाते. त्याऐवजी वाळू सपाट करून हौद्यात ती किती भरलीय हे टेपनं मोजावं. लांबी 10 फूट, रुंदी 7 फूट, वाळूची उंची साडेतीन फूट, म्हणजे 245 घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणून ही अडीच ब्राससुद्धा नाही. मापं, गाडीचा नंबर आणि वाळू ओली की कोरडी, हे तिन्ही लिहावं. ओलसर वाळू फुगते आणि तिचं आकारमान पाव हिश्शानंही वाढू शकतं. पावसाळ्यातल्या गाडीचा हिशेब पुढे जुळत नाही, तेव्हा कारण त्या एका शब्दात सापडतं.

सूचना बहुतेक वेळा तोंडी येतात. मालक फोनवर म्हणतो, ‘खिडकी एक फूट डावीकडे घ्या.’ ते त्याच संध्याकाळी लिहावं: कुणी, किती वाजता, नेमकं काय सांगितलं, त्यासाठी रचलेलं किती काम तोडावं लागेल. मग पानाचा फोटो मालकाला पाठवावा आणि पुढच्या भेटीत वहीवर त्याची सही घ्यावी. त्याला ते पटलं नसेल तर त्याच पानावर त्याचं म्हणणंही लिहू द्यावं.

आठवड्यानं एकदम भरलेली वही ओळखू येते. एकाच पेनची एकसारखी अक्षरं, रोज तेवढेच मजूर, आणि गावात धो धो पाऊस पडला त्या दिवशी ‘हवा स्वच्छ’. पानांना आधीच छापील नंबर असावेत, चुकलेला आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून खोडावा, रिकामी जागा आडव्या रेघेनं बंद करावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, घटना घडताना किंवा ती ताजी असताना स्वतः लिहिलेलं टिपण साक्षीदाराला आठवणीसाठी पाहता येतं. मात्र ते विरुद्ध बाजूलाही दाखवावं लागतं आणि तिला त्यावर उलटतपासणी घेता येते. उशिरा भरलेली पानं तिथेच उघडी पडतात.

वहीलाही मर्यादा आहे. काँक्रीट कमकुवत निघालं तर ते कोणत्या दिवशी ओतलं, सिमेंट कोणत्या गाडीतलं होतं, पाणी किती दिवस मारलं एवढं ती सांगेल. त्याची ताकद मात्र क्यूब तपासूनच कळते. म्हणून क्यूब कधी भरले आणि त्यांवर कोणते नंबर टाकले, हेही त्याच दिवसाच्या पानावर लिहावं.