निधीचा प्रस्ताव : धडगावच्या आमचुरावरून समजून घेऊ

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. लोकसंख्येत सुमारे 70 टक्के आदिवासी, आणि 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव. इथल्या संस्थांनी आणि बचत गटांनी लिहिलेले निधीचे प्रस्ताव बहुधा याच ओळींनी सुरू होतात आणि बरेचसे इथेच अडतात. काम चांगले असते, माणसे प्रामाणिक असतात. पण देणाऱ्या प्रतिष्ठानाला काय वाचायचे असते याबद्दलच्या काही समजुती त्यांना मागे ओढतात.

त्या समजुती एका उदाहरणावरच तपासू. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात. वाळलेल्या फोडी आमचूर म्हणून धडगाव-मोलगीच्या बाजारात व्यापाऱ्याला विकल्या जातात. पांढऱ्या स्वच्छ फोडीला चांगला भाव मिळतो, काळपट फोडीला पडेल तो. समजा, चार पाड्यांतल्या 60 कुटुंबांसाठी एका संस्थेला या कामाला निधी हवा आहे. पुढचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते धरलेले आहेत. खऱ्या प्रस्तावात ते त्या पाड्यांवर मोजलेलेच हवेत.

गैरसमज : जिल्हा किती मागास आहे हे ठळकपणे मांडले की गरज सिद्ध होते.

जिल्ह्याची आकडेवारी प्रतिष्ठानाकडे आधीच असते. कुपोषण, स्थलांतर, साक्षरता हे सगळे वाचूनच त्यांनी नंदुरबार निवडलेला असतो. त्यांना माहीत नसते ते त्या चार पाड्यांवर नेमके काय घडते. आणि तेच प्रस्तावात सापडत नाही.

दुसरी चूक याहून जास्त आढळते. ‘आमच्याकडे सोलर ड्रायर नाही, ही गरज आहे,’ असे लिहिले जाते. यंत्र नसणे ही गरज होत नाही. यंत्र हा उपाय झाला, आणि गरज नीट मोजण्याआधीच तो ठरवून टाकलेला असतो. गरज शोधायची तर फोड काळी का पडते इथून सुरुवात करावी लागते. कापलेली कैरी हवेत राहिली की तपकिरी होऊ लागते. लोखंडी सुरीने कापली की लोह आणि फळातले टॅनिन मिळून डाग पडतात. जमिनीवर पसरली की धूळ बसते. आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, की अर्धवट वाळलेल्या फोडी ओल्या होऊन बुरशी धरतात. चारही कारणे खरी आहेत, पण कोणत्या कारणाने किती माल जातो हे कुटुंबांना विचारून आणि वजनकाटा लावूनच कळते.

आपल्या उदाहरणात मोजणी अशी निघाली असे धरू : हंगामात दर कुटुंबाच्या सरासरी 80 किलो वाळलेल्या फोडी, म्हणजे 60 कुटुंबांच्या 4,800 किलो. त्यातल्या तिसऱ्या हिश्शाच्या, 1,600 किलो फोडी काळ्या पडतात, आणि पांढऱ्या-काळ्या फोडीच्या भावात किलोमागे 90 रुपयांचा फरक आहे. हंगामाचे नुकसान 1,44,000 रुपये, कुटुंबामागे 2,400. गरजेचा परिच्छेद एवढाच पुरतो. त्यात मोजणी कधी आणि कोणी केली हेही लिहावे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेली असतात, तेव्हा जानेवारीत केलेल्या पाहणीत पाड्यावर उरलेल्या म्हाताऱ्यांचीच उत्तरे मिळतात. हा प्रदेश माहीत असलेला प्रकल्प अधिकारी हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारतो.

गैरसमज : किती प्रशिक्षणे घेतली, किती महिला आल्या, हाच परिणाम.

आठ प्रशिक्षणे झाली, 60 वाळवणीचे मांडव उभे राहिले, हे आपण केलेले काम झाले. त्याने लोकांचे काय बदलले हा परिणाम. आपल्या उदाहरणात तो एका वाक्यात येतो : दुसऱ्या हंगामाअखेर काळ्या फोडींचे प्रमाण तिसऱ्या हिश्शावरून दहाव्या हिश्शावर येईल. म्हणजे माल तेवढाच आला तर 1,600 किलोऐवजी 480 किलो, आणि कुटुंबांच्या हातात हंगामाला सुमारे एक लाख रुपये जास्त.

इथे ‘प्रमाण’ मुद्दाम लिहिले आहे. गावठी आंब्याला एक वर्ष भरघोस मोहर आणि पुढचे वर्ष ओढगस्तीचे, असे फार वेळा होते. ‘उत्पादन 30 टक्क्यांनी वाढेल’ असे लिहून दिले आणि त्या वर्षी झाडे रिकामी राहिली, तर उत्तम काम करूनही अहवालात अपयश दिसते. उलट जे वर्ष फळांनी लगडते, त्या वर्षी काहीही न करता यश दिसते. दोन्ही खोटे. म्हणून झाडावर अवलंबून असलेला आकडा परिणाम म्हणून बांधून देऊ नये. आपल्या कामामुळे जे बदलू शकते तेवढेच द्यावे.

मोजायचे कसे हेही आधीच ठरवावे. विक्रीच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाच्या पांढऱ्या आणि काळ्या फोडींच्या पोत्यांचे वेगळे वजन, मिळालेला भाव, वहीत नोंद, खाली त्या घरच्या बाईची सही किंवा अंगठा. पाड्यावरची आठवी-दहावी शिकलेली मुलगी हे सहज करू शकते. ‘जीवनमान उंचावेल’, ‘महिला सक्षम होतील’ अशी वाक्ये लिहिण्यात वाईट हेतू नसतो, पण वर्षाअखेर ती खरी ठरली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

गैरसमज : अंदाजपत्रक जितके कमी तितके बरे, आणि मानधन-कार्यालय शक्यतो दाखवू नये.

मला सर्वांत घातक वाटणारी समजूत ही. तिचे मूळ एका अर्धवट ऐकलेल्या नियमात आहे : ‘सीएसआरमध्ये प्रशासनाला पाच टक्केच चालतात.’ कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खालील नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीने स्वतःचे सीएसआरचे कामकाज चालवण्यासाठी करायच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चावर आहे, तीही त्या कंपनीच्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या प्रमाणात. एखादा प्रकल्प आखणे, राबवणे, त्यावर देखरेख ठेवणे यावरचा थेट खर्च 2021 च्या दुरुस्तीत या व्याख्येतून स्पष्टपणे बाहेर ठेवला आहे. तेव्हा पाड्यावर फिरणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. एखादे प्रतिष्ठान आपल्या धोरणाने वेगळी मर्यादा घालू शकते. ती विचारून घ्यावी. कायद्याची म्हणून स्वतःवर लादून घेऊ नये.

मानधन लपवले की काय होते? पैसा वस्तूंमध्ये जातो. वस्तू येतात, फोटो निघतात, आणि पहिल्या पावसात मांडवावर प्लॅस्टिक ओढायला हवे हे सांगणारे कुणी पाड्यावर नसते. दुसऱ्या वर्षी जाळ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागलेल्या दिसतात. किंवा संस्था मानधन दुसऱ्याच नावाखाली दाखवते, आणि लेखापरीक्षणात ती नोंद उघडी पडते. मग चांगल्या संस्थेवरही डाग राहतो.

आता उदाहरणाचे अंदाजपत्रक पाहू. सोलर ड्रायरचा बंदिस्त मांडव चार पाड्यांना पुरेल एवढा घ्यायचा तर काही लाखांची बात. शिवाय पाडे डोंगरउतारावर विखुरलेले. कैऱ्या डोक्यावरून तिथवर वाहणार कोण? मोजणीत असे दिसले की बहुतेक नुकसान धुळीचे, सुरीचे आणि दोन-तीन अवकाळी पावसांचे आहे, तर जमिनीपासून उंच बांबूचा मांडव, त्यावर जाळी, आणि वरून ओढायचे जाड प्लॅस्टिक एवढे पुरेसे ठरते. दर कुटुंबाला 2,500 रुपयांप्रमाणे 60 मांडवांचे 1,50,000. स्टीलच्या सुऱ्या आणि सोलाणी कुटुंबामागे 300 रुपयांची, 18,000. चार वजनकाटे 12,000. एका स्थानिक कार्यकर्तीचे मानधन, दोन हंगामांचे मिळून दहा महिने, महिना 12,000 प्रमाणे 1,20,000, आणि तिचा प्रवास 20,000. पाड्यांवरची प्रात्यक्षिके 32,000. सुरुवातीची आणि शेवटची मोजणी 18,000. बेरीज 3,70,000. त्यावर हिशेब, लेखापरीक्षण, फोन, कार्यालयाचा वाटा म्हणून दहा टक्के, 37,000. एकूण 4,07,000 रुपये.

हंगामाला एक लाखाची बचत, म्हणजे साधारण चार हंगामांत खर्च भरून निघतो, आणि पहिल्या दोन हंगामांनंतर मानधन लागणार नाही. हे गणित प्रस्तावात स्वतःच मांडावे, कारण समोरचा माणूस ते करणारच आहे. मांडव बांधण्याचे श्रम कुटुंबे देणार असतील तर तो लोकसहभाग वेगळ्या रकान्यात दाखवावा. मागितलेल्या रकमेत तो मिसळला की बेरीज फुगलेली दिसते. आणि प्रत्येक ओळीपुढे दर व नग हवेत. ‘साहित्य : 1,80,000’ अशी एकच ओळ वाचून कुणाचाही विश्वास बसत नाही.

गैरसमज : नोंदणी झाली की कुणाकडूनही निधी घेता येतो, आणि नोंदणी नसेल तर काहीच करता येत नाही.

धर्मादाय कार्यालयाची नोंदणी ही पहिली पायरी. कंपनीचा सीएसआर निधी हवा तर संस्थेकडे आयकराची 12ए व 80जी नोंदणी, 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा झालेला सीएसआर-1 क्रमांक, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. सीएसआरच्या कक्षेत न येणारे खासगी धर्मादाय न्यास अनुभवाच्या अटी आपापल्या ठरवतात. नवा बचत गट किंवा ग्रामसभेची समिती या कागदांत बसत नसेल, तर पात्र संस्थेने अर्ज करायचा आणि गटाशी लेखी करार करायचा, ही सरळ वाट आहे. करारात निर्णय कोण घेणार, वस्तू कोणाच्या मालकीच्या, हे लिहून ठेवावे. नाहीतर प्रकल्प संपला की मांडवसुद्धा संस्थेचे ठरतात.

परदेशी निधीचे मात्र वेगळे आहे. त्यासाठी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागतेच, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. ‘पुण्याची मोठी संस्था घेईल आणि आम्हाला वर्ग करेल’ हा बेत आता बेकायदेशीर आहे.

गैरसमज : प्रस्ताव केव्हाही पाठवला तरी चालतो.

कंपन्यांचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि आपला हंगाम एप्रिलात सुरू होतो. मार्चमध्ये घाईने आलेला पैसा ‘महिनाअखेर खर्च करा’ या अटीसह आला, तर सुऱ्या-जाळ्यांची खरेदी होते आणि कार्यकर्तीसाठी काही उरत नाही. त्यावर उपाय नियमांतच आहे : सुरू झालेले वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर होऊ शकतो, आणि त्याची उरलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरू शकते. प्रस्ताव पहिल्यापासूनच दोन हंगामांचा म्हणून लिहावा.

मग उलटे मोजत यावे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मांडव उभे हवेत, तर बांबू फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलेला हवा. त्याआधी करार, पहिला हप्ता आणि स्वतंत्र खातेवही. त्याआधी प्रतिष्ठानाच्या माणसाची पाड्यांवर भेट, आणि ती पावसाळा संपल्यावरच जमते, कारण घाटातल्या कित्येक वाटा तोपर्यंत वाहून गेलेल्या असतात. म्हणजे प्रस्ताव ऑगस्टपर्यंत पोहोचायला हवा, आणि त्यातली काळ्या-पांढऱ्या फोडींची वजने त्याच वर्षीच्या मे महिन्यात, लोक पाड्यावर असताना, घेतलेली हवीत.