अनुदान एकदाच, पाणी वर्षानुवर्षे

महाराष्ट्रात दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याला ठिबक संचासाठी ८० टक्के अनुदान मिळू शकतं. त्यातले ५५ टक्के केंद्राच्या योजनेतून येतात, बाकीचे राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच संच घ्यायचा. घाईने आधी खरेदी केली तर अनुदान हातचं जातं. शिवाय ही टक्केवारी बिलावर नाही, सरकारने ठरवलेल्या खर्चावर मोजतात. समजा बिल ६० हजारांचं झालं आणि मान्य खर्च ५० हजार असला, तर अनुदान ४० हजार मिळेल. उरलेले २० हजार शेतकऱ्याचे.

हा पैशांचा हिशेब पहिल्याच वर्षी मिटतो. पाण्याचा मात्र पुढे रोज चालू राहतो आणि तो बिघडला तरी लवकर कळत नाही.

एक एकर ऊस धरू. पाच फुटांवर नळ्या, नळीत दर ४० सेंटिमीटरला तासाला दोन लिटर देणारा ड्रीपर. म्हणजे एकरात सुमारे ६,६०० ड्रीपर. उन्हाच्या दिवसांत पिकाला रोज पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर एकराला २० हजार लिटर हवेत. दीड तास मोटर चालली की काम झालं. मुळाशी वाफसा टिकतो, सरीतून मोकाट वाहणारं पाणी वाचतं.

तीन-चार वर्षांत विहिरीच्या जड पाण्यातले क्षार ड्रीपरच्या तोंडाशी साचतात आणि नळीच्या शेवटचा ऊस पिवळा पडतो. मग शेतकरी मोटर दोन तास चालवतो, आणि तेही साहजिकच आहे. पण चांगल्या ड्रीपरखाली आता तीनऐवजी चार लिटर पडतात. अर्ध्या तासाचं हे जास्तीचं पाणी एकराला साडेसहा हजार लिटर भरतं. वर्षात दीडशे दिवस असं चाललं की सुमारे दहा लाख लिटर. संच शेतात तसाच दिसतो, बचत मात्र गळून गेलेली असते.

ओळखायला एक मापाचं भांडं पुरतं. नळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली ते सहा-सहा मिनिटं धरा. प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी यायला हवं. शेवटी १५० आलं, तर मोटरची वेळ वाढवू नका; आधी जाळीचा फिल्टर धुवा, वाळूच्या फिल्टरला बॅकवॉश द्या, नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. एवढ्यानेही फरक पडला नाही आणि ड्रीपरवर पांढरा थर दिसत असेल, तर आम्लप्रक्रिया करावी लागते. त्यात पाण्याचा सामू चारच्या आसपास आणून ते नळ्यांत २४ तास ठेवतात आणि मग नळ्या धुऊन काढतात. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. शेवाळासाठी क्लोरीन वापरतात, पण ते आम्लाबरोबर मुळीच मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

त्याच जमिनीवर पुन्हा अनुदान मागायला सात वर्षं थांबावं लागतं. त्याआधी नळ्या निकामी झाल्या तर नव्या नळ्यांचं बिल पूर्ण स्वतःच्या खिशातून भरायचं असतं.