पंप लावलेल्या टाकीची पातळी

टाकीच्या तळाच्या नळीतून पाणी आपोआप वाहून जात असेल, तर ती टाकी स्वतःची काळजी स्वतः घेते. येणारं पाणी वाढलं की पातळी चढते, तळावरचा दाब वाढतो, बाहेर जाणारं पाणीही वाढतं आणि पातळी थोडी वर जाऊन स्थिरावते. अशा प्रक्रियेला स्वनियंत्रित म्हणतात. आता त्याच टाकीला पंप लावा. पंपाचा हेड तीसेक मीटरचा असेल, तर पातळी दहा सेंटिमीटर वर गेली काय नि खाली आली काय, त्याला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. तो उपसायचं तेवढंच उपसतो. येणारं पाणी जरा जास्त झालं, की जास्तीचं सगळं साठत राहतं आणि टाकी भरून वाहते. कमी झालं, की पंप कोरडा पडतो. ही इंटिग्रेटिंग प्रक्रिया.

समजा, टाकीचा तळ 5 चौरस मीटर आहे आणि पातळी मोजायची ती 2 मीटर उंचीत, म्हणजे एकूण 10 घनमीटर. पंपापुढचा कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर मिनिटाला 1 घनमीटर जातं. वरून येणारं पाणी अचानक मिनिटाला 100 लिटरने वाढलं. कुणी हात लावला नाही, तर पातळी मिनिटाला 2 सेंटिमीटर चढत राहील. ती थांबवायला व्हॉल्व्ह आणखी 10 टक्के उघडायला हवा, आणि पाणी जास्त येतंय तोवर उघडाच ठेवायला हवा.

हे काम पीआय कंट्रोलर दोन हातांनी करतो. पहिला हात पातळी किती चुकली आहे ते पाहून लगेच व्हॉल्व्ह हलवतो. गेन 2 असेल, तर पातळी 5 टक्के, म्हणजे 10 सेंटिमीटर चुकली की व्हॉल्व्ह 10 टक्के उघडतो. चढण थांबते, पण पातळी तिथेच अडकते. खाली आणायची तर व्हॉल्व्ह उघडा ठेवणारं कारण दुसऱ्या हाताकडे सोपवावं लागतं. हा दुसरा हात चूक मिनिटागणिक जमा करत जातो. तो किती वेगाने काम करेल, हे इंटिग्रल टाइम ठरवतो.

गोची इथे आहे. स्वनियंत्रित प्रक्रियेसाठीचा प्रचलित लॅम्डा नियम सांगतो, की इंटिग्रल टाइम प्रक्रियेच्या स्वतःच्या कालस्थिरांकाएवढा ठेवा. तळाच्या नळीवाल्या टाकीला ते शोभतं. पंपाच्या टाकीला मात्र असा स्थिरांकच नाही. चाचणीच्या आलेखावर ओढूनताणून बसवला, तर तो फार मोठा निघतो. आपल्या टाकीसाठी तो 100 मिनिटं निघाला असं धरू. मग दुसरा हात, पहिल्याने एका दमात केलेलं काम पुन्हा एकदा करायला 100 मिनिटं घेतो. गणित मांडलं तर पातळी सुमारे पाव तासात 9 सेंटिमीटर चढते. एक तासानंतरही ती 6 सेंटिमीटर वर असते आणि दोन तासांनी 3.

गेन तोच ठेवून इंटिग्रल टाइम फक्त 20 मिनिटं केला, तर पातळी साडेसात सेंटिमीटरपर्यंत जाते आणि तासाभरात जेमतेम 3 मिलिमीटर उरते. हे 20 कुठून आलं? नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे सिगर्ड स्कोगेस्टाड यांनी 2003 मध्ये लॅम्डा नियमाला मर्यादा घातली: इंटिग्रल टाइम, लॅम्डा आणि विलंबकाळ यांच्या बेरजेच्या चौपटीहून जास्त ठेवू नये. आपल्या टाकीची बेरीज 5 मिनिटं आहे, म्हणून 20.

हा दोष सहज लपतो, कारण ट्यूनिंग तपासायला माणूस सेट पॉइंट बदलून बघतो. 100 मिनिटांच्या आकड्यावरही पातळी नव्या जागी छान, गुमान जाते. उलट 20 मिनिटांवर ती सेट पॉइंट ओलांडून सुमारे साडेतेरा टक्के पुढे जाते आणि मग परतते. पीआय कंट्रोलर असेल तर इंटिग्रेटिंग प्रक्रियेत थोडं ओलांडणं टळत नाही. खरी परीक्षा येणारं पाणी बदलतं तेव्हाची. ट्रेंडवर पातळी झपकन चढून तासन्‌तास रेंगाळत असेल आणि व्हॉल्व्ह सगळा वेळ इंचाइंचाने सरकत असेल, तर इंटिग्रल टाइम फार मोठा आहे असं समजावं.

दुसरी चूक याच्या उलट. पातळी हेलकावे खायला लागली की ऑपरेटर सवयीने गेन कमी करतो. इथे त्याने बिघडतं. आपल्या टाकीत 20 मिनिटं तशीच ठेवून गेन 2 वरून 0.2 केला, तर साडेतीन तासांचा एक, असे लांबलचक हेलकावे सुरू होतात. गेन कमी करायचा तर इंटिग्रल टाइम त्याच पटीत वाढवावा लागतो.

काही टाक्या मुद्दाम ढिल्या ठेवतात, पुढच्या यंत्राला प्रवाहाचे झटके बसू नयेत म्हणून. तिथे गेन आणि इंटिग्रल टाइम दोन्ही जोडीने ठरवून घेतलेले असतात, हा वेगळा मामला.

चाचणी घ्यायची तर कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून व्हॉल्व्ह 5 टक्के हलवा आणि पातळीच्या चढ-उताराचा वेग किती बदलला ते मोजा. आपल्या टाकीत तो मिनिटाला 1 सेंटिमीटरने बदलेल. पातळी स्थिरावण्याची वाट पाहू नका. ती स्थिरावणार नाही.