मिक्सरच्या तुटक्या दातात लपलेली दिशा

मोबाइलवर एक फोटो येतो. ओट्यावर स्टीलचं भांडं पालथं ठेवलेलं, त्याच्या बुडाशी काळं कपलिंग आणि त्याचे दोन दात मुळापासून गेलेले. खाली एवढाच मजकूर: ‘भाऊ, याच्यातलं कोणतं लागते?’ फोटो कुहीचा आहे आणि दिवस तिखट करायचे. कुही-मांढळ-भिवापूर हा मिरचीचा पट्टा. वर्षाचं तिखट चक्कीवर दळून आणलं, तरी रोजच्या फोडणीचा मसाला, शेंगदाण्याचा कूट आणि ओल्या मिरचीचा ठेचा घरच्या मिक्सरमधूनच निघतो. दुकानात मात्र तारेला ओवलेली चाळीस-पन्नास काळी कपलिंगं टांगलेली असतात आणि लांबून पाहिली तर सगळी सख्खी भावंडं वाटतात. त्यांतलं नेमकं कोणतं, हे भांडं हातात न घेता सांगायचं असतं. चुकलं तर कुही ते नागपूर सुमारे चाळीस किलोमीटरची खेप वाया.

आश्चर्य हे, की ते सांगता येतं. अशा तीन-चार फोटोंत माप असतं, दातांची संख्या असते, मोटर कोणत्या बाजूला फिरते हे असतं आणि त्यावरून, फोटोत अजिबात न दिसणारे आतले आटे उलटे की सुलटे हेही निघतं.

आधी इतकी कपलिंगं का, ते पाहू. 1963च्या सुमारास मुंबईत सीमेन्समध्ये काम करणाऱ्या सत्यप्रकाश माथूर यांच्या घरातला जर्मन ब्राउन मिक्सर बंद पडला. तो इथे दुरुस्त होईना. परदेशी यंत्राची मोटर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकत नाही हे ओळखून, पत्नी माधुरी यांच्या आग्रहावरून त्यांनी दमदार मोटरचा मिक्सर घडवला. तोच पुढे घरोघरी गेलेला ‘सुमीत’. त्यानंतर देशात मिक्सर बनवणारे अनेक झाले आणि प्रत्येकाने भांड्याची बैठक, कपलिंगचा घेर, दातांची ठेवण आपापल्या सोयीने ठरवली. म्हणून एका मिक्सरचं भांडं दुसऱ्यावर सहसा बसत नाही, आणि बसल्यासारखं वाटलं तरी दात जुळतीलच असं नाही.

कपलिंगं असतात दोन. एक मोटरच्या शाफ्टवर, दुसरं भांड्याच्या बुडाशी. भांडं बसवलं की दोघांचे दात एकमेकांत अडकतात आणि मोटरचं फिरणं पात्यापर्यंत जातं. मोकळी फिरताना ही मोटर मिनिटाला 18,000 फेऱ्यांच्या घरात जाते, म्हणजे सेकंदाला तीनशे. त्या वेगात सुक्या खोबऱ्याचा तुकडा पात्याखाली अडकला, की बसणारा झटका कुठेतरी जायला हवा. पातं आणि शाफ्ट पोलादी, मोटर महागडी. मधलं रबराचं किंवा नायलॉनचं कपलिंग सगळ्यात मऊ आणि सगळ्यात स्वस्त. झटका ते आपल्यावर घेतं आणि त्याचे दात जातात. म्हणून तुटलेलं कपलिंग निकृष्टच होतं असं समजू नये. पुष्कळदा त्याने मोटर वाचवलेली असते.

आता तो फोटो. मोजायचं कसं? तुटलेल्या दोन दातांच्या जागी नुसते ठसे आहेत आणि एकावर काळा चिकट मळ बसलाय. पण शाबूत राहिलेल्या दोन शेजाऱ्यांमधला कोन पाहिला तर तो 60 अंश भरतो. पूर्ण वर्तुळ 360 अंशांचं, म्हणजे दात सहा. तारेवरची तीन-चार दातांची सगळी कपलिंगं इथेच बाद.

मग घेर. त्यासाठी दुसरा फोटो मागवायचा आणि शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायला सांगायचं. दहाचंच, कारण रुपयाचं नाणं वर्षानुवर्षं आकसत गेलंय: जुनं स्टीलचं 25 मिलिमीटरचं, 2011च्या मालिकेतलं 22 आणि 2019च्या मालिकेतलं 20. फोटोतलं नाणं कुठलं हे कळलं नाही तर मापच फसतं. दुरंगी दहाचं नाणं मात्र 2011च्या मालिकेत आणि 2019च्या मालिकेतही 27 मिलिमीटरच.

समजा पडद्यावर नाणं 180 ठिपके रुंद दिसतंय आणि कपलिंग 240. गुणोत्तर मांडलं की कपलिंग 36 मिलिमीटरचं ठरतं. इथे घाई केली तर हमखास चूक होते. नाणं भांड्याच्या तळाशी टेकलेलं आहे आणि कपलिंगचा माथा त्याच्याहून पंधरा मिलिमीटर वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या तेवढा जवळ. जवळची वस्तू मोठी दिसते. फोटो तळापासून पंधरा सेंटिमीटरवरून काढला असेल, तर नाणं 150 मिलिमीटरवर आणि कपलिंग 135वर. खरं माप 36 गुणिले 135 भागिले 150, म्हणजे 32.4 मिलिमीटर. साडेतीन मिलिमीटरहून जास्त फरक पडला आणि इथे तेवढ्यात तारेवरचं कपलिंग बदलतं. तोच फोटो साठ सेंटिमीटरवरून, झूम करून काढला तर माप 33च्या आसपास येतं. सगळ्यात बरं म्हणजे नाणं एखाद्या डबीवर ठेवून कपलिंगच्या माथ्याच्या पातळीला आणायचं. मग उंचीच्या फरकाची ही चूक उरतच नाही.

फोटो सरळ वरून काढला की तिरका, हेही नाणंच सांगतं. गोल नाणं लंबगोल दिसलं की कॅमेरा कलला होता. लांबी 180 आणि रुंदी 171 ठिपके आली, तर तो साधारण अठरा अंशांनी कललेला होता, आणि कपलिंगही त्याच बाजूने तेवढंच चेपलेलं दिसत असणार. अशा वेळी मोजायचं ते न चेपलेल्या, लांब बाजूनेच.

यापुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. घेर जुळला, दात जुळले, तरी आटे उलटे निघाले तर कपलिंग शाफ्टवर चढणारच नाही. आटे तर आत आहेत आणि फोटोत एकही दिसत नाही. तेव्हा तिसरा फोटो मागवायचा: भांडं सरळ ठेवून, वरून पात्याचा.

पात्याची धार नेहमी पुढच्या कडेला असते, कारण कापायचं तिलाच. कुहीच्या या भांड्यात, घड्याळातल्या बाराच्या आकड्याकडे रोखलेल्या पात्याची तासलेली, चकाकणारी कड उजवीकडे आहे आणि डावी कड बोथट. म्हणजे पातं वरून पाहता उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. मोटर फिरवते आणि वाटण अडवतं. या ओढाताणीत आटे घट्ट होत जावेत अशीच दिशा बनवणारे निवडतात, नाहीतर दर वाटणाला कपलिंग सैल होऊन निघून आलं असतं. पातं वरून घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर घट्ट होत जाणारे आटे उलटे, म्हणजे डावे. विरुद्ध दिशेला फिरत असेल तर नेहमीचे सुलटे. पात्याच्या धारेवरून भांड्याच्या दुसऱ्या टोकाला लपलेले आटे कळतात ते असे.

याला दुसरा साक्षीदारही आहे. पहिल्या फोटोकडे परत जाऊ. भांडं पालथं असल्यामुळे तिथे दिशा उलटते: वरून घड्याळाच्या दिशेने फिरणारा शाफ्ट बुडाकडून विरुद्ध दिशेने फिरताना दिसतो. मोटरचं कपलिंग भांड्याच्या दातांना मागून रेटतं, त्यामुळे प्रत्येक दाताची मागची बाजू गुळगुळीत होऊन झिजते. फोटोत शाबूत दातांची घड्याळाच्या दिशेकडची बाजू गोलावली आहे आणि दुसरी अजून टोकदार आहे. म्हणजे दोन्ही साक्षी जुळल्या. न जुळत्या तर आधी फोटोतली अक्षरं वाचून पाहायची. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधीकधी आरशासारखा उलटा साठवला जातो आणि डावं-उजवं बदलतं. चटणीच्या लहान भांड्याचं पातं कधी दोन्ही कडांनी सारखंच बोथट असतं. तिथे दातांच्या झिजेवरच भिस्त ठेवावी लागते.

पहिल्याच फोटोत कपलिंगच्या कडेला पकडीचे ओरखडे आहेत. कुणीतरी नेहमीच्या सवयीने, घड्याळाच्या उलट दिशेला जोर लावलेला दिसतो. उलट्या आट्यांचं कपलिंग त्याने आणखी आवळलं जातं. ते काढायचं तर वरचं पातं जाड फडक्यात धरायचं आणि पालथ्या भांड्याचं कपलिंग घड्याळाच्या दिशेने फिरवायचं.

उंचीसाठी एक फोटो बाजूने लागतो. दात किती बाहेर येतात ते बुडाच्या कडेशी पट्टी लावून पाहायचं. कपलिंग जास्त उंच असलं तर भांडं बैठकीत पूर्ण बसत नाही आणि डगमगतं. बुटकं असलं तर दातांची नुसती टोकं एकमेकांत अडकतात. ते चार दिवस चालतं, मग खरखर आवाज करत दात पुन्हा जातात.

आता त्या काळ्या मळाकडे वळू. तो रबराचा चुरा नाही. शाफ्टभोवतीचं सील गेलं की वाटणाचं पाणी, मीठ, मसाला बुशात उतरतो. तिथलं तेल धुऊन जातं आणि शाफ्ट अडखळू लागतो. या भांड्याचे दात बहुधा खोबऱ्याने तुटलेले नाहीत. जड झालेला शाफ्ट फिरवता फिरवता ते गेलेत. नुसतं कपलिंग बदललं तर नवंही तसंच तुटेल. हे मात्र फोटोतून पक्कं कळत नाही. मिक्सरवरून उतरवलेल्या भांड्याचा शाफ्ट बोटांनी बुडाकडून फिरवून दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवायला सांगायचं. शाफ्ट सहज फिरला आणि बाजूला हलला नाही तर कपलिंग पुरे. जड जात असेल किंवा लडबडत असेल तर पातं, शाफ्ट आणि बुश असा जोडलेला संचच लागेल. त्यासाठी तळाच्या भोकाचा व्यास, शाफ्टची लांबी आणि पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं माप हवं. पातं थोडंही लांब आलं तर भांड्याला घासतं.

पाकीट पोचल्यावर नवं कपलिंग आधी बोटांनीच चढवायचं. तीन-चार फेरे अलगद जायला हवेत. अर्ध्या फेऱ्यातच अडलं तर आटा वेगळा आहे. तिथे पकड लावली की शाफ्टचे आटे मरतात आणि मग सगळा संच बदलावा लागतो. चढलं तर प्लग काढलेल्या मिक्सरवर भांडं ठेवून हाताने डोलवून बघायचं, नंतर रिकामंच दोन सेकंद चालवायचं. हे सगळं होईपर्यंत जुनं तुटकं कपलिंग टाकून देऊ नये. नवं बसलं नाही, तर जुन्याच्या आत फोटोत न दिसलेले आटे अजून शाबूत असतात.