वंदनेतून पुन्हा पालीकडे

शाळेत शिकलेली पाली विसरलो, असे अनेक माजी विद्यार्थी म्हणतात; वंदना मात्र त्यांना मुखोद्गत असते. व्याकरण तिथेच निद्रिस्त आहे. वंदनेतील ‘गच्छामि’ म्हणजे ‘मी जातो’. त्यावरून ‘गच्छति’, ‘गच्छन्ति’ ही तृतीय पुरुषी रूपे आठवावीत. मग ‘धम्मं’प्रमाणे ‘गामं’ करून ‘बालको गामं गच्छति’ असे स्वतःचे वाक्य रचावे. मराठीतील ‘गावाला’मुळे येथे ‘गामस्स’ लिहिले जाते. परंतु जिथे जायचे ते स्थळ पालीत द्वितीयेत येते. मुले अनेक असल्यास ‘बालका गामं गच्छन्ति’. वंदनेत नसलेले असे नवे वाक्य भाषांतर न पाहता उलगडले, तरच पाठांतरामागची भाषा जागी झाली असे समजावे.