फंड विकावा की थांबावे?

इक्विटी फंडाच्या वार्षिक आढाव्यात एका वर्षाचा परतावा पाहून विक्री ठरवता येत नाही. फंड का मागे पडला, हे आधी शोधावे लागते. बाजारानेच त्याच्या शैलीकडे पाठ फिरवली असेल, तर थांबणे योग्य. फंडच बिघडला असेल, तर विक्री योग्य.

व्हॅल्यू फंडाचे उदाहरण घेता येईल. असा फंड कमी भावात मिळणारे शेअर घेतो आणि त्यांचा भाव वाढण्याची वाट पाहतो. तेजी मोजक्या महागड्या शेअरपुरती असते तेव्हा तो निफ्टीच्या मागे राहतो. म्हणून त्याची तुलना त्याच प्रकारच्या इतर फंडांशी आणि लाभांश धरून मोजलेल्या, म्हणजे टीआरआय निर्देशांकाशी करावी. सगळेच व्हॅल्यू फंड मागे असतील आणि फॅक्टशीटमध्ये शेअरनिवडीची पद्धत पूर्वीसारखीच दिसत असेल, तर थांबावे. अशा वेळी नुकत्याच वर चढलेल्या फंडात उडी मारणारा स्वस्तातले विकून महागातले घेतो.

उलट, वेगवेगळ्या महिन्यांपासून मोजलेल्या तीन-तीन वर्षांच्या बहुतेक कालखंडांत फंड आपल्याच गटाच्या मागे असेल, तर दोष शैलीचा नाही. फंड मॅनेजर बदलणे हे एकटे विक्रीचे कारण नसते. पण त्यानंतर व्हॅल्यू फंडात महागडे, चर्चेतले शेअर वाढू लागले, तर ज्या कारणाने फंड घेतला ते कारणच उरत नाही. योजनेचे मूळ स्वरूप बदलताना फंड कंपनीला एक्झिट लोडशिवाय बाहेर पडण्याची मुदत द्यावी लागते. कर मात्र तेव्हाही लागतो.

विक्री ठरल्यावर तिचा खर्च मोजावा. समजा, तीन लाख रुपये एकरकमी गुंतवले होते आणि काही वर्षांनी त्यांचे पाच लाख झाले. नफा दोन लाख. इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही. उरलेल्या 75,000 वर 12.5 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के सेस धरून 9,750 रुपये जातात. म्हणजे हाती येणाऱ्या रकमेतून जवळपास दोन टक्के वजा होतात. तेच 3,12,500 रुपयांचे युनिट मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये विकले, तर प्रत्येक आर्थिक वर्षातला नफा सव्वा लाखाच्या आत राहतो. असा दुसरा नफा नसेल, तर कर शून्य होतो. मात्र मधल्या दिवसांतल्या भावाच्या चढउताराची जोखीम घ्यावी लागते.

पैसे दोन-तीन वर्षांत लागणार असतील, तर हा सगळा हिशेब मागे पडतो. फंड कितीही चांगला चालत असला, तरी तेवढी रक्कम टप्प्याटप्प्याने इक्विटीतून काढावी.